वाइन-कॉकटेलची यादी मराठीत करताना

नाशिकच्या वायनरीतल्या रेस्टॉरंटसाठी पेयांची यादी मराठीत करायला घेतली, की पहिल्याच पानावर गाडी अडते.

१. पेयाचं नाव देवनागरीत तसंच ठेवा. खाली एक ओळ द्या: आधी मूळ दारू, मग बाकीचं, शेवटी चव. उदा. 'व्हिस्की सावर : व्हिस्की, लिंबाचा रस, साखरेचा पाक, वर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस. आंबटगोड.'

२. 'ड्राय' वाइन 'कोरडी' नको, 'गोडवा नसलेली' लिहा. 'फुल बॉडीड'ला 'दाट' म्हटलं तर सरबत वाटतं; 'भरदार चवीची' बरं.

३. माप मिलीमध्येच द्या. नुसतं 'पेग' लिहिलं तर बिलाच्या वेळी वाद ठरलेला, कारण लहान ३० आणि मोठा ६० मिलीचा. मूळ यादीत औंस असेल तर एक औंस साधारण ३० मिली. वाइनचा ग्लास १५० मिलीचा असेल तर ७५० मिलीच्या बाटलीत पाच बसतात, हेही छापा. चौघांच्या टेबलाला निर्णय सोपा जातो.

जागा वाचवायला घटक गाळू नका. सावरमधलं अंडं शाकाहारी माणसाला कळायलाच हवं. ब्लडी मेरीतल्या वूस्टरशायर सॉसमध्ये तर बहुधा मासे असतात, त्यामुळे बाटलीवरचं लेबल वाचूनच ती ओळ लिहा.