चार चौकटी आणि आजोबांचं उठून उभं राहणं

बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला माझ्या फिजिऑलॉजीच्या वहीत एक लांबलचक तक्ता होता. डावीकडे शरीरातल्या एकेका संस्थेचं नाव आणि पुढे चार चौकटी: स्टिम्युलस, रिसेप्टर, कंट्रोल सेंटर, इफेक्टर. डिचोलीहून पणजीला जाताना कदंबच्या बसमध्ये मी तो पाठ करायची. तोंडी परीक्षेत रक्तदाब जागेवर ठेवणारा लूप विचारला गेला तेव्हा मी धडाधड सांगितलं, "उभं राहणं हा स्टिम्युलस, बॅरोरिसेप्टर उत्तेजित होतात, मेंदू संदेश पाठवतो, हृदय जोरात धडधडतं." बाईंनी विचारलं, "रिसेप्टरचे संदेश वाढले की कमी झाले?" मला उत्तर आलं नाही. तक्त्यात तो प्रश्नच नव्हता.

आता माझी मामेबहीण पहिल्या वर्षाला आहे आणि तिच्या वहीतही तसाच तक्ता दिसतोय. म्हणून एकच लूप शेवटपर्यंत कसा लिहायचा ते इथे मांडते. एक नीट जमला की बाकीचे आपोआप सुटायला लागतात.

सुरुवात चौकटींपासून करायची नाही. आधी पानाच्या डोक्यावर एक ओळ लिहायची: शरीर नेमकी कोणती गोष्ट सांभाळतंय? इथे ती धमन्यांमधला रक्तदाब आहे. ही ओळ लिहिली की पहिली चूक तिथल्या तिथे पकडली जाते. उभं राहणं ही बाहेरची घटना. स्टिम्युलस म्हणजे त्या घटनेमुळे सांभाळायच्या गोष्टीत झालेला बदल. आपण उभे राहतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांमध्ये उतरतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारं रक्त घटतं आणि दाब खाली येतो. पहिल्या चौकटीत लिहायचं ते एवढंच: दाब कमी झाला. शेजारी खाली जाणारा बाण.

दुसरी चौकट रिसेप्टरची. बॅरोरिसेप्टर मानेतल्या कॅरॉटिड सायनसच्या आणि महाधमनीच्या कमानीच्या भिंतीत असतात. नाव बॅरो असलं तरी ते दाब थेट मोजत नाहीत, भिंत किती ताणली गेली ते त्यांना कळतं. दाब असतो तोवर ते सतत संदेश पाठवत असतात. दाब उतरला की भिंत सैल पडते आणि त्यांचे संदेश कमी होतात. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. "उत्तेजित होतात" हे वाक्य इथे चुकीचं आहे, कारण या वेळी रिसेप्टर गप्प होतो आणि त्याचं गप्प होणं हीच खबर असते. म्हणून प्रत्येक चौकटीत नावाबरोबर वर किंवा खाली जाणारा बाण काढायचा. बाणाशिवाय तक्ता ही नुसती नावांची यादी होते.

तिसऱ्या चौकटीत "मेंदू" लिहून भागत नाही. कॅरॉटिडकडची खबर नवव्या मज्जातंतूतून आणि महाधमनीकडची दहाव्यातून, म्हणजे व्हेगसमधून, मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलाकडे जाते. एरवी या संदेशांमुळे हृदयाला पळवणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंना लगाम बसलेला असतो. संदेश कमी झाले की लगाम सैल होतो. सिंपथेटिक वाढतं आणि हृदयावरचा व्हेगसचा ब्रेक सुटतो.

चौथ्या चौकटीत बहुतेकजण फक्त हृदय लिहितात. हृदय आहेच, तरुण निरोगी माणसाची नाडी उभं राहिल्यावर मिनिटाला साधारण १० ते १५ ठोक्यांनी वाढते. पण मोठं काम रक्तवाहिन्या करतात. बारीक धमन्या आवळतात आणि शिराही आवळून साठलेलं रक्त हृदयाकडे ढकलतात. हे सगळं काही सेकंदांत होतं. त्यानंतर इफेक्टरपासून पहिल्या चौकटीकडे परतीचा बाण काढायचा: दाब वर आला. हा बाण नसेल तर तो लूप नाही.

दाब अगदी होता तिथेच परत येतो असंही समजू नका. समजा एखाद्या कारणाने दाब ७५ मिमीने वाढला असता, पण बॅरोरिसेप्टर शाबूत असल्यामुळे तो २५ नेच वाढला. म्हणजे ५० ची दुरुस्ती झाली आणि २५ ची चूक उरली. दुरुस्तीला उरलेल्या चुकीने भागलं की २ येतात, त्याला लूपचा गेन म्हणतात. शिवाय दाब एक-दोन दिवस चढाच राहिला की बॅरोरिसेप्टर त्यालाच नेहमीचं मानू लागतात. म्हणून वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब हा लूप बरा करू शकत नाही. लांब पल्ल्याचं काम मूत्रपिंडांकडे जातं.

आता या चौकटी कामाला कशा येतात ते सांगते. मी दुसऱ्या वर्षाला असताना चवथीला घरी गेले होते. आरती संपली, आजोबा पाटावरून उठले आणि दोन पावलांवर डोळ्यांसमोर अंधारी येऊन झुकले. त्यांचा हात गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला बांधलेल्या सुपारीच्या घडाला लागला आणि सुपाऱ्या जमिनीवर विखुरल्या. काकांनी धरलं म्हणून ते पडले नाहीत. घरचे म्हणाले, उपास होता, अशक्तपणा आला असेल. मला मात्र आठवलं की त्यांना वीसेक वर्षांपासून मधुमेह आहे आणि पायांची जळजळ ते नेहमी सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं: १३६/८०, नाडी ७२. मग काकांना शेजारी उभं करून आजोबांना उभं केलं. एका मिनिटाला १०८/७०, नाडी ७५. तिसऱ्या मिनिटालाही जवळपास तेच. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. इथे वरचा २८ ने उतरला होता. पण मी थबकले ती नाडीच्या आकड्यापाशी. दाब एवढा खाली आला आणि नाडी फक्त ३ ने वाढली.

त्याच महिन्यात वॉर्डात जुलाबाने गळून गेलेली एक तरुण बाई होती. तिचं आडवं असताना बीपी ११८/७६ आणि नाडी ८४, उभं केल्यावर ९४/६६ आणि नाडी ११६. दाब उतरला २४ ने, नाडी चढली ३२ ने. दाबाची घसरण जवळपास सारखीच, पण दोघांचा बिघाड वेगळ्या ठिकाणी. तिच्या चारही चौकटी आणि मधल्या तारा उत्तम चालत होत्या. रक्तवाहिन्यांत पाणीच कमी होतं, म्हणून हृदय जिवाच्या आकांताने धावत होतं. सलाइन दिल्यावर ती सुधारली. आजोबांच्या बाबतीत मात्र हुकूम वाटेत हरवत होता. मधुमेहाने स्वायत्त मज्जातंतू खराब झाले की मेड्युलाचा हुकूम हृदयापर्यंत आणि रक्तवाहिन्यांपर्यंत नीट पोहोचत नाही.

यासाठी एक सोपा भागाकार आहे. नाडीतली वाढ भागिले वरच्या दाबातली घट. उत्तर ०.५ पेक्षा कमी आलं तर मज्जातंतूंचा संशय घ्यायचा. आजोबांचं ३ भागिले २८, म्हणजे ०.१ च्या आसपास. त्या बाईचं ३२ भागिले २४, म्हणजे १.३. मात्र रुग्ण बीटा ब्लॉकर घेत असेल किंवा त्याला पेसमेकर असेल तर हा भागाकार फसवतो, कारण तिथे नाडी वाढायला मुळातच अटकाव असतो. म्हणून आधी गोळ्यांचा डबा बघायचा. प्रोस्टेटसाठी आणि बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या अल्फा ब्लॉकरनेही अंधारी येते, पण तिथे हुकूम पोहोचतो आणि रक्तवाहिन्यांनाच तो ऐकू येत नाही. नाडी सहसा वाढते. म्हणून मी माझ्या पानावर चौकटींच्या मधल्या रेषांवर मज्जातंतूंची नावं लिहिते आणि खाली एकेक रेषा तोडली तर काय दिसेल ते लिहिते. पान त्यामुळे भरतं, पण वॉर्डात तेवढंच उपयोगी पडतं.

इतर संस्थांना हेच साधन लावताना दोन ठिकाणी अडखळायला होतं. एक म्हणजे रक्तातली साखर. रिसेप्टर कोण, कंट्रोल सेंटर कोण, असं शोधत मुली चौकटीत उगीच हायपोथॅलॅमस कोंबतात. स्वादुपिंडातली बीटा पेशीच साखर ओळखते आणि तीच इन्सुलिन सोडते, म्हणजे दोन्ही चौकटी एकाच पेशीच्या. सरळ तसं लिहा. इफेक्टर म्हणजे यकृत, स्नायू आणि चरबी. मग टाइप १ मधुमेहात दोन चौकटी एकदम का जातात आणि टाइप २ ची सुरुवात बहुधा इफेक्टरपासून का होते, हे त्याच पानावर दिसतं.

दुसरं म्हणजे शरीराचं तापमान, आणि ते तर आपल्याला मे महिन्यात रोज अनुभवायला मिळतं. कंट्रोल सेंटर हायपोथॅलॅमस, इफेक्टर घामाच्या ग्रंथी आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या. आगोटीच्या आधीच्या दिवसांत पाठीवरून घामाच्या धारा लागतात आणि तरीही गार वाटत नाही. चारही चौकटी चोख असतात, पण दमट हवेत घाम सुकत नाही. घाम उडून जाताना उष्णता नेतो, नुसता गळून पडला तर नेत नाही. इथे तुटलेला असतो तो परतीचा बाण. म्हणून उन्हात काम करणारा माणूस घामाने निथळत असला तरी त्याचं शरीर थंड होतंय असं समजायचं नाही. ताप मोजायचा आणि तो बोलताना गोंधळतोय का ते बघायचं.

आजोबांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बीपीची एक गोळी कमी केली, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायला सांगितली आणि उठण्याआधी काठावर बसून टाचा उचलायला शिकवलं. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. जे काम रक्तवाहिन्यांनी हुकमावर करायचं, त्यातलं थोडं पाय करतात. माझ्या पानावर मी इफेक्टरच्या चौकटीला लागून पेन्सिलने पाचवी चौकट काढली आणि तिच्यात "पोटऱ्या" लिहिलं. पुढच्या चवथीला आजोबांसाठी पाटाऐवजी खुर्ची ठेवली होती. आरती संपल्यावर त्यांनी मनातल्या मनात मोजत वीस वेळा टाचा उचलल्या आणि मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.