नवीन भरलेली दाढ चावताना उंच लागते? या चुका टाळा

दाढ भरून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी भाकरीचा घास घेतो आणि कळ थेट कानशिलापर्यंत जाते. परभणीकडच्या आमच्या पेशंटांची तक्रार ठरलेली असते, "डॉक्टर, तोंड मिटलं की आधी हीच दाढ लागायली." बहुतेक वेळा हे निदान अचूक असतं. आपल्या दातांना 20 मायक्रॉनच्या आसपासची उंचीसुद्धा जाणवते. साधा कागदही याहून जाड असतो.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. सिमेंट जरासं उंच राहिलं तर तोंड मिटताना सगळा भार आधी त्याच दाढेवर येतो, दिवसातून शेकडो वेळा. पडदा ठेचल्यासारखा होतो, म्हणून दाबलं की दुखतं आणि गार पाणीही झोंबतं.

पहिली चूक पेशंटची: "झिजून बसेल आपोआप" म्हणत महिनाभर दुसऱ्या बाजूने चावत राहणं. आजचं दातांच्या रंगाचं सिमेंट टणक असतं, ते इतक्या लवकर झिजत नाही. चांदीचं असेल तर आणखी वाईट, कारण त्याला पूर्ण बळकटी यायला जवळपास एक दिवस लागतो आणि त्याआधी उंच भागावर जोर पडला तर कडा तुटू शकते. दोन-तीन दिवसांत उंचपणा गेला नाही तर परत जा. हे काम बहुधा पाच-दहा मिनिटांचं असतं, भूलही लागत नाही.

उलट भूल नसलेलीच बरी. खालच्या दाढेसाठी दिलेल्या इंजेक्शनने ओठ-जीभ तीन-चार तास बधिर राहतात. त्या अवस्थेत "आता बरोबर लागतंय का?" विचारलं तर माणूस हो म्हणतो, कारण त्याला नीट कळतच नसतं. म्हणून आमच्या पेशातली दुसरी चूक अशी की भूल उतरायच्या आत मिळालेल्या होकारावर भरवसा ठेवणं.

आता खुणेच्या कागदाकडे येऊ. हा शाई लावलेला पातळ कागद असतो, निळा किंवा लाल. दातांमध्ये धरून टकटक चावलं की जिथे दात टेकतात तिथे ठिपके उमटतात. थुंकीने ओल्या दातावर शाई धरत नाही, म्हणून आधी कापसाने दात कोरडे करावे लागतात. पेशंट खुर्चीत आडवा असेल तर खालचा जबडा किंचित मागे सरकतो आणि ठिपके भलत्याच जागी पडतात. त्याला ताठ बसवायलाच हवं.

ठिपका मोठा म्हणजे जोर जास्त, असं बरेच जण धरून चालतात आणि इथेच फसतात. शाईचा पसरलेला डाग हलक्या स्पर्शानेही पडतो. खरा जोर बहुधा वेगळाच दिसतो: मध्ये पांढरा, भोवती शाईचं कडं, कारण मधली शाई दाबाने बाजूला सरकलेली असते. घासायचा तो भाग, डाग नव्हे.

जिंतूर तालुक्यातून आलेल्या एका मावशींची खालची उजवी पहिली दाढ भरली होती. सरळ चावून घेतल्यावर लाल ठिपके ठीक दिसत होते, शेजारच्या दाढांवरही पडत होते. तरी त्या म्हणत होत्या, "भाकर चावाय गेलं की लागतंच बघा." मग निळा कागद धरून त्यांना जबडा डावी-उजवीकडे घासायला सांगितला. बाहेरच्या मागच्या टोकाच्या आतल्या उतारावर निळी रेघ उमटली. भाकर आपण सरळ टोचत नाही, जबडा कडेला नेऊन दळतो, त्यामुळे नुसतं टकटक करून ही जागा सापडलीच नसती. बारीक हिऱ्याच्या बरने ती रेघ हलकेच घासली, पुन्हा कागद लावला, पुन्हा घासली. एकदम जास्त काढलं तर दाढ खाली बसते आणि मग तिच्यावर भार येतच नाही, म्हणून एका वेळी थोडंच. शेवटी 8 मायक्रॉनची झिलईदार पट्टी शेजारच्या दातांत धरून ओढून पाहिली. आधी ती सहज निसटत होती, आता अडकली. म्हणजे तेही दात आता टेकू लागले होते. मग पॉलिश. ठेचलेला पडदा बरा व्हायला काही दिवस जातात, त्यामुळे घासल्याक्षणी दुखणं थांबेल अशी अपेक्षा करू नये, हे त्यांना आधीच सांगितलं.

भरण्यापूर्वीच एकदा कागद लावून मूळचे ठिपके पाहून ठेवले तर नंतर कुठवर घासायचं ते कळतं. आणि समोरच्या दाताचं टोक घासून सोपा मार्ग काढू नये, निरोगी दात नव्या सिमेंटपायी का झिजवायचा?

सगळं दुखणं उंचीचं नसतं. चावून सोडताना कळ येत असेल तर दाताला तडा असू शकतो. काही न चावता रात्री ठणकत असेल, गरम लागून बराच वेळ कळ टिकत असेल तर नस सुजलेली असते, तिथे घासून उपयोग नाही, बहुधा रूट कॅनाल करावं लागतं. अशा वेळी दाढेवर शाईचं कडं दिसलं म्हणून तेवढ्यावर थांबू नका, डॉक्टरांना एक्स-रे काढायला सांगा.