सोलरच्या कोटेशनचा सारांश काढताना या चुका टाळा

छतावरच्या सोलरचं कोटेशन चार-पाच पानांचं असतं, पण घरात चर्चा होते ती पहिल्या पानावरच्या मोठ्या आकड्याची. तीन किलोवॅटच्या एका नमुना कोटेशनवर ‘सबसिडीनंतर फक्त 1,12,000 रुपये, वर्षाला बचत 51,840’ असं लिहिलंय असं धरू. म्हणजे सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. हेच दोन आकडे उतरवून घेतले तर सारांश तिथेच चुकतो.

सबसिडी आधीच वजा करणे

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात. ते यंत्रणा बसून, घरात येणारी आणि बाहेर जाणारी वीज मोजणारा नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतात. तोपर्यंत पूर्ण रक्कम आपल्यालाच उभी करायची असते. म्हणून सारांशात ‘विक्रेत्याला द्यायचे’ आणि ‘नंतर परत येणारे’ अशा दोन वेगळ्या ओळी ठेवा. आपल्या कोटेशनमध्ये विक्रेत्याला द्यायचे आहेत 1,90,000, आणि खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’.

सप्टेंबर 2025 पासून पॅनेल-इन्व्हर्टरवर जीएसटी 5 टक्के आहे. बसवण्यासकट घेतलेल्या कामात 70 टक्के रकमेला 5 आणि 30 टक्के रकमेला 18 टक्के लागतो, म्हणजे एकूण 8.9 टक्के. इथे तो 16,910 रुपये होतो. जुन्या कोटेशनमध्ये 13.8 टक्के दिसले तर नवीन मागून घ्या.

सबसिडीच्या अटीही याच ओळीशेजारी लिहा. पॅनेल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर हवेत. ‘मेक इन इंडिया’ एवढ्या शब्दांवर भागत नाही. शिवाय पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, तीच धरली जाते. पॅनेल 3.3 किलोवॅटचे आणि इन्व्हर्टर अडीचचा असेल, तर 78,000 ऐवजी 69,000 मिळतील.

‘प्रत्यक्ष खर्चानुसार’ ही ओळ सोडून देणे

जादा खर्च बहुतेक वेळा शेवटच्या पानावर, अटींमध्ये असतो. ठराविक मीटरच्या पुढची वायर, उंच स्ट्रक्चर, मंजूर भार वाढवण्याचं शुल्क, नेट मीटरचा खर्च, मीटरपेटी हलवणं. यातलं उंच स्ट्रक्चर सगळ्यात महाग पडतं: गच्चीवर वावरता यावं म्हणून पॅनेल डोक्यावर घ्यायचे ठरले की लोखंड वाढतं, आणि कोटेशनमधला भाव मात्र बहुधा बुटक्या स्ट्रक्चरचा असतो. अशा प्रत्येक ओळीसमोर रक्कम लिहून मागा. आपल्या उदाहरणात विक्रेत्याने स्ट्रक्चरचे 15,000 आणि मीटरचे 6,000 सांगितले असं धरू.

आता हिशेब असा: 1,90,000 + 16,910 + 21,000 = 2,27,910 खिशातून. सबसिडी आल्यावर निव्वळ खर्च 1,49,910. ‘फक्त 1,12,000’ कुठल्या कुठे राहिले.

निर्मितीलाच बचत समजणे

ही चूक सगळ्यात महाग पडते. 51,840 हा आकडा असा येतो: महिन्याला 360 युनिट, गुणिले 12 रुपये, गुणिले 12 महिने. तीन किलोवॅटमधून एवढी वीज सावली नसलेल्या छतावर निघू शकते. पण आपल्या उदाहरणातलं घर महिन्याला सरासरी 210 युनिटच वापरतं असं धरू. वाचतील ते या 210 युनिटचे पैसे. उरलेली वीज पुढच्या महिन्यांत वळती होते, आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिली तर तिला आपल्या बिलाच्या दरापेक्षा बराच कमी दर मिळतो.

दरही कोटेशनमधला घेऊ नका. 12 रुपये हा वरच्या टप्प्यातला भाव दाखवला जातो, आपला वापर मात्र खालच्या टप्प्यांत असतो. वर्षभराची बिलं काढा. त्यांच्या सरासरीतून स्थिर आकार वजा करा, कारण तो सोलर बसल्यावरही भरावाच लागतो. बिल सरासरी 1,930 आणि स्थिर आकार 130 असेल, तर वाचू शकतात महिन्याला 1,800, वर्षाला 21,600. या हिशेबाने 1,49,910 वसूल व्हायला जवळपास सात वर्षं लागतात.

बचतीचा हा आकडा दाव्याच्या निम्म्याहून कमी आला, तर बहुधा यंत्रणाच गरजेपेक्षा मोठी सुचवली गेली आहे. या घराची वर्षाची गरज 2,520 युनिट. दोन किलोवॅटमधून दिवसाला आठ युनिट धरले तरी 2,920 निघतात, आणि त्याला सबसिडी 60,000 मिळते. त्याच विक्रेत्याकडून दोन किलोवॅटचं कोटेशन मागा, जीएसटी आणि उंच स्ट्रक्चर धरून, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.