बीपी-शुगरच्या गोळ्या स्वस्त घेताना या चुका टाळा

मुलुंडला राहणाऱ्या माझ्या काकूला रोज बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० ची एक, शुगरसाठी मेटफॉर्मिन एसआर ५०० च्या दोन आणि थायरॉइडची एक अशा चार गोळ्या लागतात. जेनेरिक घेऊ की ब्रँडेड, हा तिचा प्रश्न. तिच्या बिलांवरून जो हिशोब मांडला, त्यात आमच्या हातून झालेल्या चुका इथे सांगते. रकमा समजायला सोप्या घेतल्या आहेत, तुम्ही तुमच्या स्ट्रिपवरच्या घाला.

टक्के बघून दुकान ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक. नेहमीच्या मेडिकलवाल्याकडे १० टक्के सूट होती आणि स्टेशनजवळच्या जेनेरिक दुकानाच्या पाटीवर ७५ टक्के. काकू लगेच तिकडे निघाली होती. पण सूट छापील किमतीवर मिळते, आणि अशा दुकानांतल्या बऱ्याच गोळ्यांवर ती किंमतच चढी छापलेली असते. तिथली टेल्मिसार्टनची दहाची स्ट्रिप ९० रुपयांची, सूट जाऊन २२.५०, म्हणजे महिन्याच्या तीन स्ट्रिप ६७.५०. त्याच मेडिकलवाल्याकडे दुसऱ्या एका कंपनीची दहाची स्ट्रिप छापील ३० ला होती. ती १० टक्के सुटीने २७ ला, महिन्याला ८१ रुपये. ७५ टक्के आणि १० टक्के यांच्यात प्रत्यक्ष फरक निघाला साडेतेरा रुपयांचा! काकूचा जुना ब्रँड मात्र पंधराची स्ट्रिप १२० ला, सूट धरून महिन्याला २१६. जनऔषधी केंद्रात तीच गोळी महिन्याला ४५ ला पडली. तिथे सूट नसते, छापील किंमतच कमी असते.

स्ट्रिपची तुलना स्ट्रिपशी करणं

स्ट्रिप दहाची असते, चौदाची, पंधराची, वीसचीही असते. थायरॉइडच्या बाटलीत तर १०० किंवा १२० गोळ्या येतात. काकूची १२० ची बाटली १६२ रुपयांना पडते, म्हणून ती तिला महाग वाटायची. पण ती चार महिने पुरते, म्हणजे महिन्याला जेमतेम ४०.५० रुपये. एका गोळीचा भाव काढा, त्याला महिन्याच्या गोळ्यांनी गुणा, आणि मगच दोन दुकानं शेजारी ठेवा.

ऑनलाइनची २० टक्के सूटही अशीच तपासा. काकूच्या तिन्ही औषधांची छापील किंमत महिन्याला ४१७ होते. १० टक्के सुटीने ३७५.३०, २० टक्क्यांनी ३३३.६०. पण घरपोच आणायचे ४९ धरले की ३८२.६०. डिलिव्हरी माफ व्हावी म्हणून तीन महिन्यांचा साठा एकदम घेऊ नका. डॉक्टरांनी मध्येच डोस बदलला, तर उरलेल्या स्ट्रिप कपाटात पडून राहतात.

नाव जुळलं की औषध जुळलं असं समजणं

टेल्मिसार्टनच्या नावापुढे ‘एच’ असेल तर त्यात लघवी वाढवणारं दुसरं औषध असतं, ‘एएम’ असेल तर अ‍ॅम्लोडिपिन. मेटफॉर्मिन एसआर हळूहळू विरघळतं, साधं मेटफॉर्मिन लगेच. काकूला एकदा एसआरऐवजी साधं दिलं होतं. दोन दिवसांत पोट बिघडलं, तेव्हा स्ट्रिप उलटून वाचली. म्हणून घटक, मिलीग्रॅम आणि एसआर या तीन गोष्टी दुकानातच जुन्या स्ट्रिपशी ताडून घ्या. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर केमिस्टला स्वतःहून दुसरी कंपनी देता येत नाही. डॉक्टरांकडून घटकाच्या नावाने चिठ्ठी मागून घ्या. मागितली की बहुतेक जण देतात.

सगळं एकदम बदलणं

एका वेळी एकच औषध बदला. बीपीची गोळी बदलण्याआधी आठवडाभर आणि बदलल्यावर तीन-चार आठवडे रोज ठरलेल्या वेळी बीपी मोजून वहीत लिहा. टेल्मिसार्टनचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे दोन दिवसांच्या आकड्यावरून गोळीला नावं ठेवू नका. आकडे सतत चढे राहिले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळी मनाने दुप्पट करू नका. ही गोळी दमट हवेत खराब होते. मुंबईच्या पावसाळ्यात स्ट्रिपमधून काढून डबीत भरून ठेवली तर दोष कंपनीवर जातो. घ्यायच्या वेळीच ती फोडा.

थायरॉइडची गोळी आम्ही बदललीच नाही. तिच्या मात्रेत थोडा फरक पडला तरी टीएसएच हलतो, आणि कंपनी बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करावी लागते. महिन्याला ४०.५० रुपयांच्या औषधात वाचणार ते किती, आणि तपासणीला जाणार किती!

मेटफॉर्मिन एसआर जुन्या ब्रँडचं महिन्याला ११८.८० ला पडत होतं, जनऔषधीचं ७८ ला. आता काकूचा महिना १६३.५० मध्ये भागतो. केंद्रात एखादं औषध संपलेलं असतं, म्हणून ती दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच फोन करून विचारते.