सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असलेली बाग घेताय? या चुका टाळा

राजापूर, देवगड, गुहागर, कुठेही जा. कलमांची बाग विकायला निघाली की सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात बहुतेक वेळा एखादी ओळ असतेच. विकास सोसायटी, इकरार, रक्कम, आणि कंसात फेरफार क्रमांक. विकणारा म्हणतो, "ते जुनं पीककर्ज हो, कधीच फिटलंय." घेणारा मान डोलावतो आणि विसार देऊन मोकळा होतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

बोजा म्हणजे त्या जमिनीवर कुणाच्या तरी येणे रकमेचा हक्क आहे. मालक बदलला तरी हा हक्क जमिनीबरोबर राहतो. त्यातही सोसायटीचा इकरार, म्हणजे कर्जासाठी जमीन तारण असल्याचं सभासदाने दिलेलं लेखी पत्र, बँकेच्या साध्या गहाणापेक्षा कडक असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 48 नुसार, सभासदाने इकरार करून दिलेली जमीन कर्ज व्याजासह पूर्ण फिटेपर्यंत त्याला विकता येत नाही, आणि विकलीच तर तो व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. दस्त नोंदल्याने बोजा उतरत नाही. पुढे तुमचं नाव लावायचा फेरफार अडतो, तेव्हा हे कळतं. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सातबाऱ्यावरच्या आकड्यामुळे. समजा वीस लाखांना बाग ठरली आहे आणि इतर हक्कात इकरार 2,50,000 रुपये दिसतोय. घेणारा गणित करतो की अडीच लाख वळते केले की झालं. पण हा आकडा इकरार केला त्या दिवसाचा. आजची बाकी किती, हे त्यावरून कळत नाही. ती शून्य असेल, किंवा व्याज चढून 4,10,000 झाली असेल. म्हणून आधी त्या फेरफाराची नक्कल काढा. कर्ज कुणाच्या नावे आहे आणि कुठल्या हिस्सा नंबरांवर चढलंय, ते तिथे कळतं. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर पाच-सहा सहहिस्सेदार असतात, निम्मे मुंबईला. गावातल्या एका भावाने काढलेलं कर्ज बाकीच्यांना माहीतही नसतं. मग विकणाऱ्याला घेऊन सोसायटीत जा आणि सचिवाच्या सही-शिक्क्याचा, तारखेसह कर्जबाकीचा दाखला मागा.

समजा बाकी खरंच 4,10,000 निघाली. "पैसे द्या, उद्या भरतो," यावर विसंबू नका, माणूस कितीही ओळखीचा असो. साठेखतात कर्जबाकीची रक्कम लिहा आणि तेवढे पैसे ठरलेल्या किमतीतूनच, विकणाऱ्याच्या हाती न देता, थेट कर्जखात्यात भरा. पावती घ्या. मग सोसायटी बेबाकी दाखला देते.

बरेच जण इथेच थांबतात. बेबाकी दाखला म्हणजे कर्ज फिटल्याचा पुरावा. सातबाऱ्यावरची ओळ त्याने आपोआप जात नाही. दाखला जोडून बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे, किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीतून, करावा लागतो. फेरफार धरला जातो आणि मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला की मगच नोंद उतरते. खरेदीखत त्यानंतर करा. चार आठवडे जास्त गेले तरी चालतील.

याच्या उलटही एक चूक होते. इतर हक्क कोरं दिसलं की लोक जमीन निर्वेध समजतात. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज सातबाऱ्यावर चढलेलं असेलच असं नाही. विकणारा खरेदीखताची झेरॉक्स दाखवत असेल तर मूळ प्रत कुठे आहे ते स्पष्ट विचारा. वडिलोपार्जित जमिनीत मुळात खरेदीखतच नसतं, त्यामुळे तिथे ही खूण उपयोगी पडत नाही. अशा वेळी वकिलाकडून निबंधक कार्यालयातला शोध आणि CERSAI या तारणांच्या केंद्रीय नोंदणीतला शोध, दोन्ही करून घ्या.

खरेदीखताच्या दिवशी सकाळी डिजिटल सहीचा सातबारा नव्याने काढा. साठेखतावेळचा जुना उतारा त्या दिवशी चालत नाही, कारण मधल्या काळात दुसरा बोजा चढू शकतो. उताऱ्याच्या खालच्या भागात 'प्रलंबित फेरफार' आणि 'शेवटचा फेरफार क्रमांक' असे रकाने असतात. प्रलंबित फेरफारासमोर 'नाही' असावं, आणि शेवटचा फेरफार तुमच्या माहितीतला असावा. एखादा अनोळखी क्रमांक दिसला, तर त्या दिवशी सही करू नका. आधी त्याची नक्कल वाचा.