दिवाळीचा फराळ तीन दिवसांत: मधला दिवस करंजीचा

फराळाचे पदार्थ मोजून त्यांना तीनने भागावे आणि रोज दोन उरकावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, कारण फराळातला बराचसा वेळ हाताच्या कामात जात नाही, तो भाजलेले निवण्यात आणि मळलेले मुरण्यात जातो. म्हणून पहिला दिवस भाजण्याचा, दुसरा करंजीचा आणि तिसरा तिखट तळणीचा, अशी वाटणी मी गेली अनेक वर्षे करत आले आहे. आमच्याकडे बेसनाचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा, करंज्या, शंकरपाळे, चकली आणि शेव एवढे होते आणि सगळे वसुबारसेच्या आदल्या दिवशी संपते. अनारसे या वेळापत्रकात बसवू नयेत. त्यांचे तांदूळच तीन दिवस भिजतात आणि पीठ त्यानंतर आणखी मुरावे लागते.

पहिल्या दिवशी सकाळी बेसन मंद आचेवर भाजून निवत ठेवावे, लाडू संध्याकाळी वळावेत. मधल्या वेळात चिवडा करावा. त्यानंतर करंजीचे सारण मात्र त्याच दिवशी झालेच पाहिजे: दोन वाट्या सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस, भाजून कुटलेली खसखस, वेलदोडे आणि खोबरे पूर्ण निवल्यावर सव्वा वाटी पिठीसाखर. कोमट खोबऱ्यात साखर मिसळली की ती ओलसर होऊन सारणाचे गोळे होतात आणि असे सारण भरलेली पारी आतून ओली पडते. सकाळी सारण आणि दुपारी करंज्या असा बेत आखणाऱ्यांची घाई नेमकी इथे नडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव किलो बारीक रवा आणि पाव किलो मैदा घेऊन त्यात चिमूटभर मीठ आणि चार मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन घालावे, दुधात घट्ट भिजवावे आणि दोन तास झाकून ठेवावे. रवा फुगल्याशिवाय पारी पातळ लाटली जात नाही. नंतर पीठ चांगले कुटून मऊ करावे. एवढ्या पिठात साधारण चाळीस करंज्या होतात.

माझी फजिती झाली ती यानंतरच्या टप्प्यात. पहिल्या वर्षी चाळीसही करंज्या लाटून, भरून, परातीत मांडून ठेवल्या आणि मगच कढई चढवली. तोवर आधी भरलेल्या करंज्यांच्या कडा सुकल्या होत्या. तुपात पडताच त्या उकलल्या, सारण बाहेर आले, साखर जळून बाकीच्यांना चिकटली आणि तूप दोनदा गाळावे लागले. पुढच्या वर्षी त्यांच्यावर चांगला ओला कपडा घातला, तर बुडे मऊ होऊन परातीला चिकटली आणि तळताना पारीवर फोड आले. दोष कपड्याचा नव्हता. भरणे आणि तळणे यांच्यामध्ये मी ठेवलेले अंतरच चुकीचे होते.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: आठ करंज्या भराव्यात आणि लगेच तळाव्यात. एकीने लाटावे व भरावे, दुसरीने कढई सांभाळावी. एकटीने करायचे असेल तर आठ भरून झाल्यावर लाटणे थांबवावे, आणि न लाटलेले गोळे तेवढे घट्ट पिळलेल्या कपड्याखाली ठेवावेत. सारण दीड चमचाच घालून कडेला अर्धा बोट जागा सोडावी, कडेला दुधाचे बोट फिरवून ती दाबावी आणि मगच कातण चालवावे. तूप तापले की नाही हे पाहण्यासाठी पिठाचा कण टाकावा. तो तळाशी जाऊन बारीक बुडबुड्यांसह सावकाश वर आला पाहिजे. तो तत्काळ उसळून वर आला, तर करंजी बाहेरून लाल होईल आणि आतून कच्ची राहील. मंद आचेवर एका घाण्याला सात-आठ मिनिटे लागतात, म्हणजे नुसते तळणेच पाऊण तासाच्या आसपास जाते. लाटण्याभरण्याचे दोन तास धरून ही सबंध दुपार राखून ठेवावी आणि तिच्यात दुसरा पदार्थ घुसवू नये. शंकरपाळे संध्याकाळी त्याच तुपात तळावेत.

तिखट पदार्थ तिसऱ्या दिवशी ठेवण्याचे कारण कढईत आहे. चकलीच्या भाजणीचा आणि ओव्याचा वास तळणीत उतरतो आणि शेवेचे कण तळाशी जळतात. त्यात नंतर गोड तळले तर त्याला तोच वास लागतो. आधी चकली, मग शेव. चकलीची भाजणी उकळत्या पाण्यात एकदम कालवून झाकली तरी चालते, पण मळावी मात्र दोन-तीन वाट्यांपुरती, कारण मळलेला गोळा तासन्‌तास पडून राहिला की सैल होतो, सोऱ्यातून काटा नीट उमटत नाही आणि चकली तेल पिते. रात्री सगळे कागदावर उघडे ठेवून डबे सकाळीच भरावेत. चकली मोडून पाहावी, आतली नळी कोरडी असेल तरच झाकण लावावे.