एकाच लेखकाची सहा पुस्तकं: संदर्भसूची लावण्यापूर्वीची तयारी

प्रबंधाची संदर्भसूची आडनावांच्या अकारविल्हे लावणं हे अर्ध्या तासाचं काम. खरी अडचण सुरू होते ती एकाच लेखकाची पाच-सहा पुस्तकं एकाखाली एक आली की. तिथे अकारविल्ह्याचा उपयोग संपतो, कारण नाव सगळीकडे तेच. मग जुनं आधी की नवं आधी, हा प्रश्न येतो आणि बहुतेक जण तो Excelच्या एका क्लिकवर सोडून देतात. ती क्लिक शेवटची असायला हवी. तिच्या आधी काय काय हाताशी असावं ते इथे सांगतो. उदाहरणाला इरावती कर्वे घेतो, कारण समाजशास्त्राच्या किंवा मराठीच्या प्रबंधात त्या हमखास असतात आणि सूचीतल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्यांच्या एकटीच्या नावाखाली सापडतात.

पहिल्यांदा विद्यापीठाची किंवा विभागाची नियमावली उघडा आणि शैली कोणती ते पाहा. APA असेल तर एका लेखकाची कामं जुन्याकडून नव्याकडे लागतात. MLA असेल तर वर्षाचा संबंधच नाही, त्याच लेखकाची पुस्तकं शीर्षकाच्या अकारविल्ह्याने लागतात. नवं आधी हा क्रम सहसा स्वतःच्या परिचयपत्रातल्या प्रकाशनांच्या यादीत असतो, किंवा एखाद्या विभागाने आपल्या नियमावलीत तसं लिहिलेलं असतं. नियमावलीत काहीच नसेल तर मार्गदर्शकांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ‘सर म्हणाले होते’ हे वाक्य तोंडी परीक्षेत फारसं टिकत नाही.

मग पुस्तकं समोर घ्या. छायाप्रत नको, पुस्तकच. मुखपृष्ठामागच्या पानावरची सगळी वर्षं टिपून ठेवा: पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण, सगळी. सूचीच्या क्रमात बहुतेक चुका इथेच जन्माला येतात. कर्व्यांचं ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ पहिल्यांदा १९५३ साली डेक्कन कॉलेजने काढलं. दुसरी आवृत्ती १९६५ची, तिसरी १९६८ची. तुमच्या टेबलावर तिसरी आवृत्ती असेल आणि पृष्ठक्रमांक तिचेच दिले असतील, तर नोंदीचं वर्ष १९६८, मग पुस्तक मनात कितीही ‘त्रेपन्नचं’ असलं तरी. मूळ वर्ष दाखवायचंच असेल तर नोंदीच्या शेवटी ‘पहिली आवृत्ती १९५३’ असं लिहा, पण क्रम हातातल्या आवृत्तीच्या वर्षाने लावा. काही मार्गदर्शकांना विचारांचा विकास दिसावा म्हणून मूळ वर्षाने क्रम हवा असतो. तेही चालतं. मात्र मग सगळ्या लेखकांना तोच न्याय लावा. एका पुस्तकाला मूळ वर्ष आणि दुसऱ्याला हातातलं, अशी मिसळ झाली की ‘जुन्याकडून नव्याकडे’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

जुन्या मराठी पुस्तकांवर कधी फक्त शक असतो. शके १८८९ म्हणजे १९६७चा एप्रिल ते १९६८चा मार्च, असं ढोबळमानाने धरा. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीनंतर ७९. प्रस्तावनेखाली तिथी किंवा महिना असेल तर तो पाहून ठरवा. वर्ष मुळीच सापडत नसेल तर तशी नोंद बाजूला काढून ठेवा, तिच्याकडे पुढे येतो.

आता नाव. ‘कर्वे, इरावती’, ‘कर्वे इरावती’, ‘कर्वे, इ.’ आणि ‘कर्वे, डॉ. इरावती’ हे संगणकाला चार वेगळे लेखक वाटतात. परिणाम असा की १९४९ ते १९६७ ही पुस्तकं एका गटात नीट लागतात आणि मध्येच १९६० साल पुन्हा वर डोकं काढतं. सूचीत असं दिसलं की वर्षं तपासत बसू नका, नावातला स्वल्पविराम तपासा. नावं पूर्ण लिहिण्याचा आणखी एक फायदा कर्वे घराण्यापुरता तरी मोठा आहे: इरावती, त्यांचे पती दिनकर, सासरे धोंडो केशव आणि दीर रघुनाथ या चौघांचीही पुस्तकं आहेत. एका प्रबंधात मी दिनकर आणि धोंडो दोघेही ‘कर्वे, डी.’ झालेले पाहिले आहेत. वडिलांचं आणि मुलाचं पुस्तक एका माणसाच्या नावावर गेलं होतं आणि वर्षक्रम मात्र निर्दोष होता!

पुढची तयारी म्हणजे एकटीची कामं आणि जोडीने केलेली कामं वेगळी काढणं. ‘ग्रुप रिलेशन्स इन व्हिलेज कम्युनिटी’ हे १९६३चं पुस्तक कर्वे आणि य. भा. दामले यांचं. APAच्या रीतीप्रमाणे एकट्या लेखकाची सगळी कामं आधी संपवायची, मग तोच लेखक पहिला असलेली जोडीची कामं घ्यायची. नवं आधी असा क्रम ठेवला तरी हे दोन गट तसेच राहतात. म्हणून १९६९च्या खाली १९६३ दिसलं तर ती चूक नव्हे. हे आधी माहीत नसलं की विद्यार्थी ‘दुरुस्ती’ करून १९६३ वर सरकवतो आणि नीट लागलेली सूची बिघडवतो.

एकाच वर्षाची दोन कामं असतील तर वर्षाला अक्षर जोडावं लागतं. आपल्याकडे १९६८ची दोन आहेत: ‘किनशिप’ची तिसरी आवृत्ती आणि ‘महाराष्ट्र: लँड अँड इट्स पीपल’. शीर्षकाच्या अकारविल्ह्याने इंग्रजीत K आधी, M नंतर, म्हणून पहिलं १९६८अ आणि दुसरं १९६८आ. मराठी प्रबंधांत इथे अ, ब, क लावायची सवय आहे. तिसरं पुस्तक आलं की तिचा घोळ कळतो. अ, ब, क हा क्रम ए, बी, सीवरून आलेला आहे, वर्णमालेत क बच्या कितीतरी आधी येतो. संगणक इमानेइतबारे अ, क, ब लावून देतो आणि तुम्ही मजकुरात दिलेला १९६८क सूचीत मधल्या जागी जाऊन बसतो. अ, आ, इ तरी घ्या किंवा क, ख, ग तरी. आणि मराठी ग्रंथ वेगळे, इंग्रजी ग्रंथ वेगळे अशा दोन याद्या करणार असाल पण मजकुरात दोन्हींकडे ‘(कर्वे १९६८)’ असंच देवनागरीत लिहिणार असाल, तर अक्षरं दोन्ही याद्या मिळून एकाच ओळीने द्या. नाहीतर १९६८अ नावाची दोन पुस्तकं होतील.

एवढं झालं की तक्ता. Excelमध्ये पाच रकाने करा: नाव, क्रमासाठी वर्ष, अक्षर, शीर्षक आणि शेवटी छापायची पूर्ण नोंद. क्रमासाठीचं वर्ष 1968 असं इंग्रजी अंकांत लिहा, छापायच्या नोंदीत १९६८ असू द्या. देवनागरी अंकांना Excel अनेकदा साधा मजकूर समजतं आणि दोन्ही अंक मिसळले की एक गट सगळा वर, दुसरा सगळा खाली जातो. वर्ष आणि अक्षर वेगळ्या रकान्यांत ठेवण्याचं कारण नवं-आधी क्रमात समजतं. ‘१९६८अ’ हा एकच मजकूर उलटा लावला तर १९६८आ वर आणि १९६८अ खाली येतो. वर्ष उलटं लावायचं असतं, अक्षर नाही. म्हणून Sortच्या खिडकीत आधी नाव A to Z, मग Add Level करून वर्ष Largest to Smallest, पुन्हा Add Level करून अक्षर A to Z. जुनं आधी हवं असेल तर फक्त मधली ओळ Smallest to Largest करा.

बाजूला ठेवलेल्या वर्षहीन नोंदी आता घ्या. रिकामा कप्पा Excel दोन्ही दिशांनी तळाशीच टाकतं, आणि APAला मात्र वर्ष नसलेलं काम त्या लेखकाच्या गटात सगळ्यात वर हवं असतं. जुनं-आधी क्रमात त्या रकान्यात 0 लिहिलं की ते वर जातं. छापणाऱ्याकडे गेलेलं, अजून न आलेलं काम शेवटी हवं, त्याला 9999.

Zotero हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तक्त्याची गरज नाही, पण शैलीच्या फाइलीत नवं-आधी क्रम असा लिहावा लागतो:

```xml
<sort>
  <key macro="author"/>
  <key variable="issued" sort="descending"/>
  <key variable="title"/>
</sort>
```

तिसरी ओळ विसरू नका. एकाच वर्षाच्या पुस्तकांना अक्षरं सूचीतल्या क्रमाने मिळतात, आणि शीर्षकाची ओळ नसेल तर तो क्रम कशावर ठरला हे सांगता येत नाही.

कर्व्यांच्या इंग्रजी नोंदींवर हे करून पाहू. जुनं आधी: ‘हिंदू सोसायटी’ १९६१, पंढरीच्या वारीवरचा लेख १९६२, ‘किनशिप’ १९६८अ, ‘महाराष्ट्र’ १९६८आ, इंग्रजी ‘युगान्त’ १९६९, आणि त्याखाली दामल्यांबरोबरचं १९६३. नवं आधी: १९६९, १९६८अ, १९६८आ, १९६२, १९६१, आणि पुन्हा तळाशी १९६३. मराठी यादीत ‘परिपूर्ती’ १९४९, ‘भोवरा’ १९६०, ‘युगान्त’ १९६७ आणि त्यांच्या निधनानंतर आलेलं ‘गंगाजल’ १९७२. इरावतीबाई १९७० साली गेल्या म्हणून १९७२ चुकीचं ठरत नाही. परीक्षकाने बोट ठेवलं तर पुस्तक दाखवा.

पुनरावृत्त नावाऐवजी रेघ (———) द्यायची असेल तर ती क्रम लागून गेल्यावरच टाका. आधी टाकलीत तर सगळ्या रेघा सूचीच्या डोक्यावर गोळा होतात आणि कोणती रेघ कोणत्या लेखकाची ते कळत नाही. मी एकदा रात्री अकराला अशी चौतीस रेघांची सूची सोडवत बसलो होतो, दुसऱ्या दिवशी प्रबंध बांधायला द्यायचा होता. दामल्यांच्या नोंदीला रेघ देऊ नका, तिथे लेखकांची जोडी वेगळी आहे.

शेवटी छापील प्रत हातात घ्या आणि मजकुरातला प्रत्येक १९६८ शोधा. अक्षर नसलेला एकही राहता कामा नये, आणि १९६८आ जिथे आहे तिथलं पान ‘महाराष्ट्र’मध्ये खरंच सापडलं पाहिजे.